दोन पावत्या, दोन सूचना: मुदतपूर्तीनंतर ठेवीचे काय होते याचा एक प्रकरण अभ्यास

मुदत ठेव उघडताना ठेवीदार व्याजदर विचारतो, ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का मिळतो ना याची खात्री करून घेतो आणि सही करतो. त्याच अर्जावर खाली कुठेतरी एक रकाना असतो, ‘मुदतपूर्तीनंतरची सूचना’ नावाचा. तो बहुधा काउंटरवरचा कर्मचारीच भरतो, किंवा ॲपमध्ये आधीपासून निवडलेला पर्याय तसाच पुढे जातो. या रकान्याची किंमत किती असते, हे पुढील प्रकरणातून रुपयांत दाखवता येते. प्रकरण नमुन्यादाखल बांधलेले आहे. त्यातील बँक आणि व्यक्ती अनाम आहेत आणि व्याजदर २०२३ ते २०२५ या काळातील चित्राशी जुळणारे घेतले आहेत. नियम मात्र खरे आहेत.

परिस्थिती

ठेवीदार या सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या गृहिणी आहेत. पती निवृत्त शिक्षक होते. पती-पत्नीचे एका बँकेत संयुक्त बचत खाते होते आणि त्यात पहिले नाव पतीचे होते. २०२३ साली बाईंच्या एकटीच्या नावे प्रत्येकी ५ लाख रुपयांच्या दोन मुदत ठेवी ठेवल्या गेल्या. दोन्हींवर नॉमिनी पती होते, दोन्ही संचयी प्रकारच्या होत्या, म्हणजे व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळत जाऊन सगळी रक्कम शेवटी एकत्र मिळणार होती.

पहिली ठेव ५ जानेवारी २०२३ रोजी शाखेत कागदी अर्जाने ठेवली गेली. मुदत एक वर्ष, दर ७ टक्के. सूचना अशी होती की मुदत संपताच मुद्दल आणि व्याज संयुक्त बचत खात्यात जमा करावे. दुसरी ठेव १० एप्रिल २०२३ रोजी मुलीने बँकेच्या ॲपवरून ठेवली. ती ४०० दिवसांच्या खास योजनेतली होती आणि दर ७.२५ टक्के होता. ॲपवर ‘मुद्दल व व्याजासह स्वयंनूतनीकरण’ हा पर्याय आधीच निवडलेला होता आणि तो कोणी बदलला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये पतीचे निधन झाले. दावा निकाली निघाल्यावर संयुक्त खाते बंद करण्यात आले आणि कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी बाईंच्या एकटीच्या नावे नवे बचत खाते उघडले गेले. सगळे रीतसर झाले. फक्त दोन गोष्टी कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. पहिल्या ठेवीच्या सूचनेत अजून जुन्या खात्याचा क्रमांक होता आणि बँकेच्या नोंदीत बाईंचा मोबाइल क्रमांक म्हणून पतीचाच, आता बंद पडलेला, क्रमांक होता.

दीड वर्षाने, ३ मार्च २०२५ रोजी, घराच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे म्हणून बाई मुलीसह दोन्ही पावत्या घेऊन शाखेत गेल्या. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने दोन्ही क्रमांक संगणकावर टाकले आणि म्हणाला, “काकू, पैसे सुरक्षित आहेत. एक पावती रिन्यू झाली आहे, दुसरी मात्र तशीच पडून आहे.” ‘तशीच पडून’ असलेली ठेव त्या दिवशी ४२३ दिवसांची झाली होती.

पहिली पावती: जमा करायचे ठिकाणच उरले नाही

५ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या ठेवीची मुदत संपली. ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, ५ लाखांचे ५,३५,९३० रुपये झाले होते. त्या दिवशी प्रणालीने सूचनेप्रमाणे ही रक्कम जोडलेल्या बचत खात्यात टाकण्याचा प्रयत्न केला, खाते बंद असल्यामुळे जमा होऊ शकली नाही आणि ठेव मुदत संपूनही न दिलेल्या ठेवींच्या यादीत गेली. अशा वेळी प्रणाली आपण होऊन ठेव पुन्हा गुंतवेल असा पुष्कळांचा समज असतो. तसे होत नाही. सूचना ‘जमा करा’ अशी आहे, ‘नूतनीकरण करा’ अशी नाही, आणि एक अयशस्वी झाली म्हणून दुसरी आपोआप लागू करण्याचा अधिकार बँकेला ठेवीदाराने दिलेला नाही.

मग त्या रकमेवर व्याज कोणते? याचे उत्तर भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २ जुलै २०२१ च्या परिपत्रकात आहे. मुदत संपलेली ठेव ठेवीदाराने नेली नाही आणि ती बँकेकडे पडून राहिली, तर तिच्यावर बचत खात्याचा दर किंवा त्या ठेवीचा मूळ करारातला दर, यांपैकी जो कमी असेल तो मिळतो. त्याआधी नुसता बचत खात्याचा दर मिळत असे. ‘जो कमी असेल तो’ ही अट २०२१ साली आली. बहुतेक ठेवींच्या बाबतीत या अटीने फरक पडत नाही, कारण बचत खात्याचा दर एरवीही कमीच असतो. पण जी बँक बचत खात्यावर चढा दर देते, तिथे अगदी अल्प मुदतीची, कमी दराची ठेव पडून राहिली तर तो चढा दर मिळत नाही, कराराचा कमी दरच मिळतो. आवर्ती ठेव आणि पुनर्गुंतवणूक ठेव यांनाही हाच नियम आहे आणि तो व्यापारी बँकांप्रमाणे नागरी सहकारी बँकांना व जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही लागू आहे. पतसंस्था मात्र बँका नव्हेत, त्यांना हे परिपत्रक लागू नाही. तिथे पडून राहिलेल्या ठेवीचे काय होणार हे त्या संस्थेच्या नियमांवर ठरते आणि आपल्याकडे गावोगावी पतसंस्थांत ठेवी असल्याने हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या बँकेचा बचत खात्याचा दर ३ टक्के होता. ५,३५,९३० रुपयांवर ४२३ दिवसांचे सरळ व्याज सुमारे १८,६३३ रुपये झाले. हीच ठेव त्याच दराने आणखी एक वर्ष आणि त्यानंतर उरलेल्या ५७ दिवसांसाठी चालू राहिली असती, तर व्याज सुमारे ४४,७९० रुपये झाले असते. फरक २६ हजारांच्या थोडा वर आहे. पहिल्या दिवसापासून मोजले तर ७ टक्क्यांनी रोज सुमारे १०३ रुपये मिळायला हवे होते, तिथे ४४ रुपये मिळत होते. म्हणजे रोज एकोणसाठ रुपये जात होते आणि ते जात असल्याची खूण घरात कुठेही नव्हती, कारण मुद्दल शाबूत होते, पावती कपाटात होती आणि पावतीवर तर ‘७ टक्के’ असेच छापलेले होते.

कागदी पावतीचा हा दोष नीट समजून घेण्यासारखा आहे. ठेव ज्या दिवशी ठेवली त्या दिवसाची ती नोंद असते. पुढे ठेवीचे नूतनीकरण झाले, ती बचत खात्यात गेली किंवा पडून राहिली, यांपैकी काहीही पावतीवर उमटत नाही. पावती हातात आहे म्हणून ठेव चालू आहे, असे धरून चालणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मागच्या तारखेपासून नूतनीकरण का मिळाले नाही

मुलीने स्वाभाविकपणे विचारले की आता ही ठेव ५ जानेवारी २०२४ पासून नूतनीकृत झाली असे धरून व्याज देता येईल का. अनेक बँकांच्या धोरणात मुदत संपल्यानंतर काही दिवसांची सवलत असते. या बँकेत ती १४ दिवसांची होती. त्या काळात ठेवीदार आला, तर नूतनीकरण मुदतपूर्तीच्या तारखेपासून आणि त्या तारखेच्या दराने होते, मधले दिवस बुडत नाहीत. तो काळ उलटला की नूतनीकरण अर्जाच्या दिवसापासून होते आणि मधल्या काळाला वर सांगितलेला पडून राहिलेल्या ठेवीचा दर लागतो. १४ दिवसांची मुदत १९ जानेवारी २०२४ लाच संपली होती, त्यामुळे शाखेच्या हातात काही उरले नव्हते.

तरीही कुटुंबाने लेखी तक्रार दिली आणि ती देण्याजोगी होती असे माझे मत आहे. मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी ठेवीदाराला कळवावे, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. बँकेने उत्तर दिले की एसएमएस पाठवला होता आणि नोंदीवरून तो खरोखरच पाठवला गेला होता, पण तो एका मृत व्यक्तीच्या बंद क्रमांकावर. इथे दोन्ही बाजूंना थोडे थोडे बोलण्यासारखे आहे. मोबाइल क्रमांक बदलल्याचे कळवणे ठेवीदाराचे काम आहे, हे मान्य. पण पतीचा मृत्यूचा दाखला बँकेनेच स्वीकारला होता, संयुक्त खाते बँकेनेच बंद केले होते, आणि त्याच खात्याला एका चालू ठेवीची सूचना जोडलेली आहे हे बँकेच्याच संगणकात होते. खाते बंद करताना ‘या खात्यात कोणत्या ठेवी जमा व्हायच्या आहेत’ एवढे पाहिले असते, तरी हा प्रश्न उभा राहिला नसता.

विभागीय कार्यालयाने मागच्या तारखेपासूनचे व्याज नाकारले. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, पण कुटुंबाने तेवढ्यावर थांबायचे ठरवले. ती तक्रार टिकली असती की नाही, याबद्दल ठामपणे बोलणे योग्य नाही. एवढे मात्र खरे की तिचा भर व्याजदरावर न ठेवता सेवेतील त्रुटीवर ठेवावा लागला असता, कारण दराच्या बाबतीत बँक परिपत्रकाप्रमाणेच वागली होती.

दुसरी पावती: आपोआप झाले, पण जुन्या दराने नव्हे

दुसऱ्या ठेवीची मुदत १४ मे २०२४ रोजी संपली. ५ लाखांचे ५,४०,८७६ रुपये झाले आणि त्याच दिवशी ती सगळी रक्कम पुन्हा ४०० दिवसांसाठी गुंतवली गेली. मुलीला वाटले होते की दर ७.२५ टक्केच असेल. प्रत्यक्षात तो ६.७५ टक्के होता.

स्वयंनूतनीकरणात मुदत जुनीच राहते, दर मात्र मुदतपूर्तीच्या दिवशी जो लागू असेल तो लागतो. इथे त्यात आणखी एक गुंता होता. ४०० दिवसांची खास योजना बँकेने मधल्या काळात बंद केली होती. ४०० दिवस, ४४४ दिवस अशा विषम मुदतींना दिलेला चढा दर हा त्या योजनेचा दर असतो. योजना संपली की त्या मुदतीला नेहमीच्या तक्त्यातला, एक वर्ष ते दोन वर्षांच्या गटाचा दर लागतो. त्याच सुमारास बँकेने ४४४ दिवसांची नवी खास योजना ७.२५ टक्क्यांनी सुरू केली होती, पण प्रणाली मुदत बदलत नाही. ती ४०० दिवसांची ठेव पुन्हा ४०० दिवसांसाठीच ठेवते. खास योजनेत स्वयंनूतनीकरण निवडणाऱ्याला हा धक्का हमखास बसतो, आणि त्यात बँकेचे काही चुकलेले नसते.

या अर्ध्या टक्क्याचा खर्च किती? ४०० दिवस पूर्ण झाल्यावर ६.७५ टक्क्यांनी रक्कम ५,८२,०६३ रुपये होणार होती, ७.२५ टक्क्यांनी ती सुमारे ५,८५,२०९ झाली असती. फरक ३,१०० रुपयांच्या आसपास. पहिल्या पावतीवरच्या २६ हजारांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. दोन्ही ठेवींकडे दुर्लक्ष झाले होते, रक्कम जवळपास सारखी होती, तरी एका दुर्लक्षाची किंमत दुसऱ्याच्या आठपटीहून अधिक पडली, आणि त्यात पहिलीच्या बाबतीत मोजलेला काळ दुसरीपेक्षा फार मोठा नव्हता.

पावती मोडावी का

मुलीचा पहिला विचार ही ठेव लगेच मोडून नव्या योजनेत टाकण्याचा होता. हा विचार चूक नाही, पण तो हिशेबाने करावा लागतो. नूतनीकरण होऊन ३ मार्च २०२५ पर्यंत २९३ दिवस झाले होते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीला कराराचा दर मिळत नाही. ठेव जितके दिवस प्रत्यक्षात राहिली, तेवढ्या मुदतीला नूतनीकरणाच्या दिवशी जो दर होता तो मिळतो आणि त्यातून दंड वजा होतो. एक वर्षाच्या आतल्या गटाचा दर ६.२५ टक्के होता आणि या बँकेत ५ लाखांवरील ठेवींना दंड १ टक्का होता. म्हणजे हाती ५.२५ टक्के.

५.२५ टक्क्यांनी २९३ दिवसांत रक्कम ५,६३,८२९ रुपये होत होती. न मोडता ६.७५ टक्क्यांनी त्याच दिवसापर्यंत साचलेली रक्कम सुमारे ५,७०,५१० होती. मोडल्याबरोबर ६,७०० रुपये जाणार होते. त्या बदल्यात काय मिळणार? उरलेल्या १०७ दिवसांत अर्धा टक्का जास्त, म्हणजे सव्वाआठशे रुपयांच्या आसपास. त्यामुळे ठेव मोडली नाही. घराच्या दुरुस्तीसाठी पहिल्या पावतीचे पैसे पुरेसे होते. ते पुरले नसते, तरी दुसरीवर ठेवीच्या तारणावरचे कर्ज घेणे मोडण्यापेक्षा स्वस्त पडले असते, कारण अशा कर्जाचा दर सहसा ठेवीच्या दराहून एखादा टक्काच जास्त असतो आणि व्याज फक्त वापरलेल्या दिवसांचे लागते.

इथे काळाचा भाग निर्णायक असतो. नूतनीकरण होऊन आठ-दहा दिवसच झाले असते, तर हिशेब उलटा आला असता. काही बँका नूतनीकरणानंतरच्या थोड्या दिवसांत ते दंडाशिवाय रद्द करू देतात. ही सोय आपल्या बँकेत आहे का आणि किती दिवसांची आहे, हे ठेव ठेवतानाच विचारावे. तशी सोय नसली, तरी सुरुवातीला मोडण्यात गमावण्यासारखे व्याज थोडेच असते. जसजसे दिवस जातात, तसतसा दंडाचा भार वाढत जातो आणि उरलेल्या दिवसांतला फायदा आटत जातो.

मग कोणती सूचना द्यावी

अर्जावर मुख्यत: तीन पर्याय असतात: मुद्दल आणि व्याज दोन्हींचे नूतनीकरण, फक्त मुद्दलाचे नूतनीकरण करून व्याज बचत खात्यात, किंवा सगळी रक्कम बचत खात्यात. पाच वर्षांच्या करबचत ठेवीत सहसा शेवटचाच मार्ग उरतो, कारण ती योजना वेगळी आहे आणि तिचे पुन्हा करबचत ठेवीतच आपोआप नूतनीकरण करून दिले जात नाही.

ज्याला ठरलेल्या तारखेला पैसे लागणार आहेत, म्हणजे लग्न, फी, घराचा हप्ता, त्याने बचत खात्याचा पर्याय घ्यावा, याबद्दल दुमत नाही. प्रश्न येतो तो ‘सध्या तरी लागणार नाहीत’ म्हणून ठेवलेल्या पैशांचा. जाणकार लोक अनेकदा सांगतात की स्वयंनूतनीकरण नको, मुदत संपली की पैसे बचत खात्यात येऊ द्यावेत आणि त्या वेळचा उत्तम दर पाहून पुन्हा ठेवावेत. ज्याचे लक्ष असते, त्याच्यासाठी हा सल्ला अचूक आहे. पण बचत खात्यात आलेल्या पैशालाही तोच ३ टक्के दर मिळतो, आणि दोन-तीन महिने ते तसेच राहिले तर अर्ध्या टक्क्याच्या शोधात त्याहून जास्त जाते. ५,३५,९३० रुपये बचत खात्यात बावन्न-त्रेपन्न दिवस पडले, की दुसऱ्या पावतीवर वर्षाहून अधिक काळात झालेल्या नुकसानाएवढे नुकसान होऊन जाते.

म्हणून ज्यांच्या घरी हे व्यवहार पाहणारे कोणी नाही, किंवा पाहणारा माणूस परगावी आहे, अशा ज्येष्ठांसाठी मी स्वयंनूतनीकरण सुचवेन, पण एक वर्षासारख्या साध्या मुदतीवर. खास योजनेतल्या विषम मुदतीवर नव्हे आणि पाच वर्षांच्या मुदतीवर तर नाहीच. मुदत लांब असली की नकोसे नूतनीकरण मोडण्याचा दंडही लांब काळ डोक्यावर राहतो. वर्षाच्या मुदतीत चुकीचा दर लागला, तरी चूक वर्षभरात आपोआप संपते.

जो पर्याय निवडला, तो एका जिवंत खात्याशी जोडलेला असणे त्याहून महत्त्वाचे आहे. बचत खाते बंद केले, दुसऱ्या शाखेत हलवले, केवायसी न दिल्यामुळे ते गोठले, संयुक्त खात्यातले एक नाव गेले, की प्रत्येक ठेवीची सूचना नव्याने तपासावी लागते. या प्रकरणात नॉमिनीही दिवंगत होते आणि ते नाव दोन्ही ठेवींवर तसेच होते. बाईंचे काही बरेवाईट झाले असते, तर मुलांना वारसाची कागदपत्रे जमवत बसावे लागले असते. नॉमिनी बदलण्याचा अर्ज त्याच दिवशी भरला गेला.

पडून राहिलेली ठेव ओळखायची कशी

पावती पाहून हे कळत नाही, हे वर आलेच. ॲपमध्ये किंवा शाखेतून ठेवीचे विवरण घेतले, तर तिथे मुदतपूर्तीची तारीख आणि ठेवीची सध्याची स्थिती दिसते. तारीख मागे गेलेली असेल आणि ठेव बंदही झालेली नसेल, तर ती पडून आहे. नूतनीकृत ठेवीचा क्रमांक काही बँकांत तोच राहतो, काहींत नवा येतो; जुना क्रमांक ‘बंद’ दाखवत असेल, तर घाबरण्याआधी नवा क्रमांक शोधावा.

दुसरी खूण आयकराच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, सापडते. तिथे बँकेकडून मिळालेले व्याज वर्षवार दिसते. सारखीच रक्कम असलेल्या ठेवींवरचे व्याज एखाद्या वर्षी निम्म्याहून खाली आलेले दिसले, तर कुठली तरी ठेव पडून आहे असा संशय घेण्यास जागा आहे. या कुटुंबाला २०२३-२४ चे विवरणपत्र भरताना ही खूण पुसटच दिसली असती, कारण त्या वर्षी दर शेवटच्या तीन महिन्यांपुरताच घटला होता; शिवाय बाईंनी १५एच फॉर्म दिलेला असल्याने कर कापला जात नव्हता, परतावा मागायचा नव्हता आणि एआयएस उघडून पाहण्याचे कारण कोणाला पडले नाही. यातच हेही सांगायला हवे की नूतनीकृत संचयी ठेवीवरचे व्याज हातात आले नाही तरी बँक ते दर वर्षी उत्पन्न म्हणून कळवते. ‘पैसे मिळालेच नाहीत’ म्हणून ते विवरणपत्रातून वगळता येत नाही.

ही ठेव ४२३ दिवसांत सापडली. ती दहा वर्षे कोणीच हलवली नसती, तर बँकेने ती रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग केली असती. तिथे गेलेली रक्कमही बुडत नाही. ठेवीदार किंवा वारस बँकेकडेच दावा करतो आणि बँक निधीकडून पैसे परत घेते. व्याजवाही ठेवींवर अशा काळासाठी निधी जे व्याज देतो, ते ११ मे २०२१ पासून ३ टक्के आहे. कोणत्या बँकेत अशी ठेव आहे हे आठवत नसेल, तर ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोध घेता येतो.

शेवटची व्यवस्था

३ मार्च २०२५ रोजी पहिली ठेव बंद करून ५,५४,५६३ रुपये बाईंच्या नव्या बचत खात्यात जमा झाले. दुसऱ्या ठेवीची सूचना लेखी अर्जाने बदलण्यात आली: स्वयंनूतनीकरण काढून मुद्दल व व्याज नव्या खात्यात. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली आणि घरी परतण्याआधी बदललेल्या सूचनेचे छापील विवरण मागून त्यावरचा बचत खात्याचा क्रमांक पासबुकाशी ताडून पाहिला. मोबाइल क्रमांक मुलीचा न देता बाईंचा स्वत:चाच दिला गेला.

१८ जून २०२५ रोजी दुसऱ्या ठेवीचे ५,८२,०६३ रुपये नव्या खात्यात आले. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा रेपो दर कमी करून तो ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला होता आणि बँकेचा एक वर्षाचा दर ६.२५ वर उतरला होता. स्वयंनूतनीकरण तसेच ठेवले असते, तर हाच खालचा दर पुन्हा ४०० दिवसांसाठी लागला असता. मुलीने दोन दिवसांत रक्कम दोन समान भागांत विभागून, एक भाग एका वर्षासाठी आणि दुसरा दोन वर्षांसाठी ठेवला. या वेळी दोन्ही अर्जांवर ‘मुदतपूर्तीनंतरची सूचना’ हा रकाना बाईंनी स्वत: वाचून, स्वत:च्या हाताने भरला.